‘गेलो, हाणलं, घेतलं, आलो, ठेवलं’: कलाम भाषेतल्या एका वाक्याची उलटतपासणी

पापुआ न्यू गिनीच्या मदांग प्रांतात बिस्मार्क आणि श्रेडर या डोंगररांगा आहेत. तिथल्या काइरोंक आणि सिंबाई खोऱ्यांच्या परिसरात कलाम भाषा बोलली जाते. भाषावैज्ञानिक अँड्र्यू पॉली 1960 च्या दशकात तिथे काम करू लागले आणि पुढे अनेक दशकं या भाषेवर लिहीत राहिले. त्यांच्या लेखनातलं एक छोटं वाक्य क्रमिक क्रियापद रचनेच्या, म्हणजे एकाच उपवाक्यात काही न जोडता अनेक क्रियापदं ओवण्याच्या, चर्चेत हमखास येतं. या लेखाचा विषय तेवढं एकच वाक्य आहे:

याद आम मोन पक द आप आयपिन.

एकेका शब्दाचा अर्थ लावला तर ‘मी – जा – लाकूड – हाण – घे – ये – ठेवलं’ असं काहीतरी हाती येतं. कलाम माणसाला मात्र एवढंच म्हणायचं असतं की मी सरपण आणलं.

देवनागरीत लिहिताना थोडी ओढाताण होते. ‘द’ हे क्रियापद म्हणजे फक्त एक व्यंजन आहे. त्याच्या उच्चारात आधी किंचित ‘न्’ ऐकू येतो आणि मागे एक निसटता, धड अ नाही आणि इ नाही असा स्वर येतो. ‘पक’मध्येही लिहिण्याजोगा स्वर नाही, बोलताना तो आपोआप घुसतो. मराठी कानाला अख्खं वाक्य दोन-तीन शब्दांचं वाटेल, पण त्यात पाच क्रियापदं आहेत: आम, पक, द, आप आणि आय.

पाचांपैकी चार क्रियापदं उघडी आहेत. त्यांना काळ, पुरुष, वचन असलं काहीच चिकटलेलं नाही. सगळा साज शेवटच्या ‘आय’ला मिळाला आहे. ‘आय’ म्हणजे ठेवणे, मधला ‘प’ क्रिया पुरी झाल्याचं सांगतो आणि शेवटचं ‘इन’ कर्ता ‘मी’ असल्याचं. मागच्या चारांचा काळ आणि कर्ता ऐकणाऱ्याला या एका शेपटावरूनच कळतो.

शेवटच्या क्रियापदाने सगळ्यांचा भार वाहायचा हा प्रकार आपल्याला नवा नाही. ‘त्याने रानात जाऊन लाकडं फोडली’ आणि ‘तो लाकडं फोडून रानातून आला’ ही वाक्यं शेजारी ठेवा. माणूस तोच आहे, तरी एकदा ‘त्याने’ आहे आणि एकदा ‘तो’. कर्त्याचं रूप शेवटचं क्रियापद ठरवतं आणि आधीचं ‘जाऊन’ किंवा ‘फोडून’ त्यात तोंड घालत नाही. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात पहिली शंका येते ती अशी: हे आपल्या ‘ऊन’सारखंच आहे, फक्त ‘ऊन’ गळलेला आहे. ही शंका नीट तपासण्यासारखी आहे, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ तिथूनच निघतो.

संशयित तीन

या वाक्याची रचना काय असू शकते, याची तीन उत्तरं आधी बाजूला करावी लागतात.

एक शक्यता अशी की ही पाच स्वतंत्र वाक्यं आहेत, भरभर बोलल्यामुळे जोडली गेलेली. मराठीत गोष्ट सांगताना आपण असं करतो: ‘गेलो, लाकडं फोडली, मोळी बांधली, आलो.’ पण इथे आपलं प्रत्येक क्रियापद स्वतःच्या पायावर उभं आहे. ‘गेलो’ एवढंच म्हणून थांबलं तरी वाक्य पुरं होतं. कलाममध्ये नुसतं ‘याद आम’ म्हणून ‘मी गेलो’ हे विधान होत नाही, कारण काळ आणि पुरुष आलेलेच नसतात. ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहील. ही शक्यता इथेच संपते.

दुसरी शक्यता अशी की हे सगळं मिळून एक लांबलचक सामासिक क्रियापद आहे. तिला ‘मोन’ आडवं येतं. लाकूड हे नाम ‘आम’ आणि ‘पक’ यांच्यामध्ये उभं आहे. ते ‘हाणणे’, ‘घेणे’, ‘ठेवणे’ या सगळ्यांचं कर्म आहे, पण ‘जाणे’चं नाही, म्हणून ते ‘जाणे’नंतर येतं. एका शब्दाच्या पोटात असं पूर्ण नाम सहसा मावत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतही हेच दिसतं. ‘ओ मू इवे वा’ म्हणजे ‘तो – घे – पुस्तक – ये’, अर्थात त्याने पुस्तक आणलं. तिथेही पुस्तक दोन क्रियापदांच्या मध्ये आहे.

तिसरी शक्यता आपल्या ‘ऊन’ची, आणि ती सर्वांत चिवट. तिचं उत्तर कलाम भाषा स्वतःच देते. कलाममध्ये ‘ऊन’चं काम करणारे प्रत्यय आहेत, आणि तेही आपल्यापेक्षा जास्त काटेकोर. उपवाक्यांची साखळी ओवताना मधल्या क्रियापदाला असे प्रत्यय लागतात की पुढच्या क्रियापदाचा कर्ता तोच आहे की वेगळा, आणि ही क्रिया त्याच्या आधीची की त्याच वेळची, हे तिथल्या तिथे कळतं. म्हणजे बोलणाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. ‘जाणे’ला प्रत्यय लावून ‘गेल्यावर (मीच) पुढे असं केलं’ असं तो म्हणू शकतो, किंवा धातू उघडा ठेवून पुढे जाऊ शकतो. सरपणाच्या वाक्यात त्याने दुसरी वाट धरली. प्रत्यय हाताशी असताना तो न वापरण्याला अर्थ असतो. त्याला गळती म्हणून चालणार नाही.

उरते ती क्रमिक क्रियापद रचना. मी तिला पुढे नुसतं ‘माळ’ म्हणेन. भाषावैज्ञानिक मार्टिन हास्पेलमाथ यांनी 2016 मध्ये तिची जी व्याख्या मांडली ती मला सर्वांत कामाची वाटते. उपवाक्य एकच असावं, त्यात एकाहून अधिक स्वतंत्र क्रियापदं असावीत, त्यांना जोडणारं काही नसावं आणि एक क्रियापद दुसऱ्याचं कर्म किंवा कर्ता नसावं. ‘स्वतंत्र’ या शब्दावर जोर द्यायला हवा. माळेतलं प्रत्येक क्रियापद एरवी एकटंही, आपल्या नेहमीच्या अर्थाने, वाक्याचं मुख्य क्रियापद होऊ शकलं पाहिजे. ‘आम’, ‘पक’, ‘द’, ‘आप’, ‘आय’ ही पाचही तशी आहेत.

नकार कुठे पडतो

उपवाक्य एक की अनेक, हे डोळ्यांनी ठरत नाही. अभ्यासक त्यासाठी नकार घालून बघतात. ही कसोटी मराठीवर चालवून पाहिली की तिचं बळ कळतं.

यजमानीणबाई तक्रार करतात, ‘पाहुणे जेवून गेले नाहीत.’ पाहुणे गेले आहेत, हे तर उघडच आहे. ‘नाहीत’ चिकटलंय ‘गेले’ला, पण नाकारलं जातंय जेवण. आता हे घ्या: ‘मी दुकानात जाऊन साखर आणली नाही.’ इथे बहुधा जाणंही झालेलं नाही. पण ‘दुकानात जाऊनही साखर आणली नाही’ म्हटलं की जाणं झालं आणि आणणं राहिलं. म्हणजे आपल्या ‘ऊन’च्या वाक्यात नकार शेवटी लागत असला तरी तो मागे उडी मारून हव्या त्या क्रियेवर बसू शकतो. शिवाय पहिल्या क्रियेला स्वतःचा वेगळा नकारही देता येतो: ‘पाहुणे न जेवता गेले.’ ज्या क्रियेला वेगळा नकार मिळतो तिचं घर वेगळं असतं. ‘ऊन’चं उपवाक्य मुख्य वाक्याच्या आश्रयाला असलं तरी त्याची चूल वेगळी आहे.

माळेत ही सोय नसते. तिथे नकार एकच असतो आणि तो सबंध माळेवर पडतो. सरपण आणल्याचा इन्कार केला की सगळा प्रकारच घडला नाही असं होतं. रानात गेलो होतो की नव्हतो, लाकूड फोडलं पण वाटेत टाकलं की काय, हे त्या वाक्यातून कळणार नाही. ते सांगायचं तर माळ मोडून उपवाक्यांच्या साखळीत यावं लागेल आणि ज्या क्रियेचा वेगळा हिशेब द्यायचा तिला वेगळं काढावं लागेल.

काळाचंही तसंच आहे. ‘काल गेलो आणि आज आणलं’ हे एका माळेत बसत नाही, कारण काळाची खूण एकदाच लागते. नवख्या अभ्यासकाची फसगत बहुधा इथे होते. त्याला क्रियापदं लागोपाठ दिसतात, भाषांतरात एक क्रियापद मिळतं आणि तो माळ सापडली असं टिपून मोकळा होतो. भाषांतर हा पुरावा नव्हे. ‘आणलं’ हे मराठीत एक क्रियापद आहे, एवढ्यावरून कलाममधल्या पाच क्रियापदांबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पुरावा त्याच भाषेतून काढावा लागतो, म्हणजे नकार लावून, काळाचं क्रियाविशेषण मध्ये घालून आणि तीच गोष्ट प्रत्ययांच्या साखळीने सांगायला लावून.

पाच क्रियापदं कशाला?

सरपण आणल्याचं सांगायला कलाम माणसाला पाच क्रियापदं का लागतात?

अर्धं उत्तर शब्दसंग्रहात आहे. कलाममध्ये क्रियापदाचे धातू सगळे मिळून जेमतेम 130 आहेत. प्रत्यक्ष बोलण्यात तर सुमारे 15 धातूच नव्वद टक्क्यांच्या आसपास काम उरकतात. त्यांचे अर्थ खूप रुंद आहेत. ‘द’मध्ये घेणं, धरणं, मिळवणं, हात लावणं हे सगळं येतं. ‘नङ’ म्हणजे कळणं, जाणवणं. ‘डोळा नङ’ म्हणजे पाहणं, ‘कान नङ’ म्हणजे ऐकणं. ‘द नङ’, म्हणजे धरून जाणणं, हे चाचपणं झालं. ‘ञब’ म्हणजे खाणं, म्हणून ‘ञब नङ’ म्हणजे चव घेणं. ‘आणणे’ असा एकच धातू त्यांच्याकडे नाही. ‘द आप’, घे-ये, म्हणजे आणणं, आणि ‘द आम’, घे-जा, म्हणजे नेणं.

आपल्याकडे ‘आणणे’ आणि ‘नेणे’ एकसंध आहेत, म्हणून आपल्याला हे वेगळं वाटतं. हिंदीकडे पाहिलं की तेवढं वाटत नाही. हिंदीतलं ‘लाना’ हे ‘ले आना’ मिळूनच घडलं असं मानतात. अशी दोन क्रियापदं एकत्र राहून राहून एक होऊ शकतात. कलाममध्ये ती अजून दोन आहेत.

पण शब्दसंग्रहाने ‘द आप’ उलगडतं, अख्खं वाक्य उलगडत नाही. धातू कमी असले तरी ‘लाकूड घे-ये’ एवढ्यावर भागायला हवं होतं. ‘जा’ आणि ‘ठेव’ कशाला हवेत? इथे पॉली आणि जॉनथन लेन यांनी 1998 मध्ये केलेली मांडणी उपयोगी पडते. त्यांनी कलाम माळांचे दोन प्रकार पाडले. एक आटोपशीर, ‘द आप’सारखा, ज्यात क्रिया इतक्या जवळच्या असतात की मिळून एकच वाटतात. दुसरा कथनाचा, ज्यात अख्ख्या प्रसंगाचे टप्पे क्रमाने येतात. सरपणाचं वाक्य दुसऱ्या प्रकारचं आहे.

कथनाच्या माळेत टप्प्यांच्या जागा ठरलेल्या असतात. आधी कामाच्या ठिकाणी जाणं, मग तिथे वस्तूवर काही करणं, मग ती घेऊन परतणं, आणि शेवटी तिचं जे व्हायचं ते होणं. आपल्या वाक्यात ‘आम’ पहिल्या जागेवर आहे, ‘मोन पक’ दुसऱ्या, ‘द आप’ तिसऱ्या आणि ‘आय’ चौथ्या. आटोपशीर ‘द आप’ अख्खं उचलून मोठ्या माळेच्या एका घरात ठेवलंय, हे यातून दिसतं. दर वेळी सगळी घरं भरलेली असतात असं नाही, पण क्रम मात्र उलटत नाही. तो घटनाक्रमाला धरूनच चालतो.

पॉलींचं म्हणणं असं की मिळवून आणण्याच्या कामाबद्दल बोलताना कलाम वक्त्याला हे टप्पे सांगावेसे वाटतात. कुठून आणि कसं आणलं आणि पुढे काय झालं, हे गाळलं तर सांगणं अर्धवट वाटतं. मराठीत ‘सरपण आणलं’ म्हटलं की जाणं-फोडणं ऐकणाऱ्याने गृहीत धरायचं. कलाममध्ये ते शब्दांत येतं, पण वेगळं विधान होत नाही. म्हणून ‘मी जाऊन लाकडं फोडून घेऊन येऊन ठेवली’ हे मराठी भाषांतर शब्दाला शब्द बरोबर असूनही चुकीचं वाटतं. आपल्या ‘ऊन’ने प्रत्येक टप्प्याला नको तेवढं वजन येतं. असं बोलणारा माणूस एक तर दमलेला असतो किंवा कुणावर तरी वैतागलेला.

माळेची मर्यादाही यातच आहे. कुठल्याही पाच क्रिया माळेत ओवता येत नाहीत. तो प्रसंग बोलणाऱ्यांच्या जगात ओळखीचा, नेहमीचा असावा लागतो. सरपण आणणं, शिकार करून आणणं, कंद खणून आणणं ही माणसांची रोजची कामं आहेत. जाता जाता कुणी भेटलं आणि गप्पा झाल्या, हे सरपण आणण्याच्या कामाचा भाग नव्हे. त्याला साखळीतलं वेगळं उपवाक्यच मिळायला हवं. पॉली यांच्या अभ्यासाला या दृष्टीने मोठा आधार होता तो प्रत्यक्ष बोललेल्या मजकुराचा. इयन साएम माजनेप या कलाम जाणकाराने मानववंशशास्त्रज्ञ राल्फ बुल्मर यांच्यासोबत आपल्या भागातले पक्षी, प्राणी आणि शिकार यांबद्दल स्वतःच्या भाषेत पुष्कळ सांगून ठेवलं आहे. ‘शिकारीला कसे जातो’ हे ज्याने आयुष्यभर केलंय त्याच्या तोंडून आलं, तर कुठल्या क्रिया एकत्र येतात आणि कुठे बोलणारा प्रत्ययाकडे वळतो, हे समोरच दिसतं. टेबलाशी बसून ‘हे म्हणता येईल का?’ असं विचारून ते मिळत नाही.

तुकड्यातुकड्यांनी पाहणारे लोक?

अशा वाक्यांवरून एक निष्कर्ष फार सहज काढला जातो. ही माणसं घटना तुकड्यातुकड्यांनी अनुभवतात, आपण सलग. मला हा निष्कर्ष पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे, कारण त्यात व्याकरण आणि डोळे यांची गल्लत आहे. भाषावैज्ञानिक टॅल्मी गिव्हॉन यांनी तो मोजून तपासला आणि निकाल 1991 मध्ये मांडला.

त्यांची पद्धत साधी होती. कलामसह पापुआ न्यू गिनीतल्या काही भाषांच्या बोलणाऱ्यांना त्यांनी चित्रफीत दाखवली, काय घडलं ते सांगायला लावलं आणि सांगताना कुठे कुठे थांबा पडतो ते मोजलं. तर्क असा की मनात जिथे एक घटना संपून दुसरी सुरू होते तिथे जीभही क्षणभर थबकते. माळेतलं प्रत्येक क्रियापद ही वेगळी घटना असती, तर त्यांच्यामध्ये उपवाक्यांमध्ये पडतात तसे थांबे दिसले असते. तसं झालं नाही. माळेच्या आत थांबे क्वचितच पडले, जवळजवळ एकाच उपवाक्यातल्या शब्दांमध्ये पडतात तेवढेच. साखळीतल्या उपवाक्यांच्या सीमेवर मात्र ते नेहमीसारखे पडले. व्याकरणात क्रियापदं पाच असली तरी बोलणाऱ्याच्या मनात ती एकाच गाठोड्यात बांधलेली असतात, असा त्याचा अर्थ.

आटोपशीर माळांत हे गाठोडं किती घट्ट होतं, ते कलाममधल्या ‘मालिश करणे’वरून कळतं: ‘पक विक द आप तान द आप याप ग’. नऊ क्रियापदं, अर्थ अनुक्रमे हाण, चोळ, धर, ये, चढ, धर, ये, उतर, कर. इथे ‘आप’मध्ये कुणी कुठून येत नाही. हात अंगावरून वर सरकतात आणि खाली सरकतात, एवढंच. धर-ये-चढ, धर-ये-उतर ही मागेपुढे होणारी हालचाल शब्दांच्या क्रमातच उतरली आहे. शब्दकोश करणाऱ्याने अशा माळेला स्वतंत्र नोंद द्यावी लागते, कारण सुट्या नऊ अर्थांवरून नवख्याला ‘मालिश’ सुचणार नाही. सरपणाच्या वाक्याला अशी नोंद लागत नाही. तिथे प्रत्येक क्रियापद आपल्या शब्दाला जागतं.

आणि मराठीत?

‘खाऊन टाकलं’, ‘बसून राहिला’, ‘सांगून बसलो’ ही आपली संयुक्त क्रियापदं काही लेखनात क्रमिक रचनांच्या यादीत घातलेली आढळतात. कडक व्याख्येने ती बसत नाहीत. एक तर मध्ये ‘ऊन’ आहे. शिवाय ‘टाकलं’ इथे काही टाकत नाही, ते फक्त काम उरकल्याचा रंग देतं, म्हणजे ते आपल्या नेहमीच्या अर्थाने उभं नाही.

जास्त विचार करायला लावते ती आज्ञा. ‘जा बघ कोण आलंय.’ ‘या बसा.’ इथे ‘ऊन’ नाही आणि दोन्ही क्रियापदं पुऱ्या अर्थाची आहेत. ‘ये बस’चं आदरार्थी ‘या बसा’ होतं, म्हणजे खूण दोघांनाही लागते. पण एवढ्यावरून त्यांना बाद करता येत नाही, कारण जगातल्या काही भाषांत माळेतल्या प्रत्येक क्रियापदाला तीच खूण लागते. बाद होतात ती पुन्हा नकारावर. ‘या बसा’चा नकार एका ‘नका’ने होत नाही. एक तर ‘येऊ नका, बसू नका’ असे दोन नकार द्यावे लागतात किंवा ‘येऊन बसू नका’ म्हणत ‘ऊन’कडे परतावं लागतं. आणि आज्ञेतून भूतकाळात आलं की ‘तो गेला बघितलं’ असं कुणी म्हणत नाही, ‘त्याने जाऊन बघितलं’ असंच म्हणावं लागतं. दारातल्या पाहुण्याला आपण ‘या बसा’ एका दमात म्हणतो खरं, पण व्याकरणाच्या हिशेबी त्या दोन आज्ञा आहेत.